एका ‘य’चा फरक

‘तुम्ही काय करता?’ आणि ‘तुम्ही काय करताय?’ यांत फरक एका ‘य’चा. पहिल्यात पोटापाण्याची चौकशी आहे, दुसऱ्यात या घडीची. ‘व्हॉट डू यू डू?’ हे एकच वाक्य मिनिटभराच्या व्हिडिओत शिकवायला घेतलं, तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पडद्यावर मी नुसता अर्थ लिहिला, ‘तू काय करतोस?’ मग भाचीला व्हिडिओ दाखवला आणि तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. ती म्हणाली, ‘आय ॲम ड्रिंकिंग टी.’ तिच्या हातात खरंच चहाचा कप होता.

चूक माझी होती. आमच्या पाटोद्याकडं आत्ताचं विचारायचं तर ‘काय करायलास?’ म्हणतात. दुसऱ्या वेळी मी तिथूनच सुरुवात केली : हे ‘काय करायलास?’ नाही, ‘कामधंदा काय करतोस?’ आहे. शब्दार्थ काढूनच टाकला. त्या जागी प्रसंग घातला. पुण्यात खोलीवर केरळचा नवा मुलगा राहायला आलाय. नाव विचारून झाल्यावर तो म्हणतो, ‘व्हॉट डू यू डू?’ उत्तर, ‘आय वर्क इन अ बँक.’ बस, एवढंच. दुसरं उदाहरण घातलं की पहिलं पुसलं जातं, असं मी पाहिलंय.

उच्चाराला मात्र जास्त वेळ लागला. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा भार देतो, म्हणून चारही शब्द एका वजनाचे होतात. इंग्रजीत पहिला ‘डू’ दबतो आणि शेवटचा उठतो. देवनागरीत दोन्ही ‘डू’ सारखे लिहिले की वाचणारा सारखेच म्हणणार. म्हणून मी लिहिलं, ‘वॉड्यु डूऽ?’ अवग्रह बघितला की आपला माणूस आपोआप सूर लांबवतो. तो कसा, हे कुणाला सांगावं लागत नाही. भरभर बोलणाऱ्याच्या तोंडी याचं ‘वॉज्यु डूऽ’ही होतं. ते ओळखता आलं तरी पुरे, तसंच म्हणायची सक्ती नको.

‘व्हॉट’मधला ‘व्ह’ हा लिहिण्यापुरता. तो वाचून लोक खालचा ओठ वरच्या दातांना टेकवतात. तिथं मी मोबाइल ओठांजवळ आणला आणि आधी ‘उ’ म्हणायला लावलं, मग न थांबता ‘ऑट’. आरशात दात ओठाला लागताना दिसले, तर पुन्हा ‘उ’पासून.

वाक्य दोनदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगात म्हणते, आणि प्रत्येक वेळी मागे तीन सेकंद शांतता ठेवते. संकलन करताना ती रिकामी जागा कापायचा मोह फार होतो. पण बघणाऱ्याला म्हणून बघायला तीच जागा असते. पंखा बंद करून, भिंतीवर गोधडी टांगून रेकॉर्डिंग करते, म्हणजे आवाज घुमत नाही आणि दबलेला ‘ड्यु’ही ऐकू येतो.

नव्या व्हिडिओनंतर भाचीला पुन्हा विचारलं. कप बाजूला ठेवून ती म्हणाली, ‘आय स्टडी.’