एक चमचा म्हणजे नक्की किती?

काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही आयांना सर्रास सांगायचो, "तापाचं औषध एक चमचा द्या." माझ्या डोक्यात तो चमचा ५ मिलीचा असायचा. तुमच्या डोक्यात कुठला असतो? चहाचा? पोहे खायचा? की मिसळणाच्या डब्यातला?

माझा दवाखाना सांगलीत. वर्षभराचं एक बाळ, वजन ८ किलो, ताप आला म्हणून आईनं आणलं होतं. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे या बाळाला १२० मिलिग्रॅम. ज्या बाटलीवर "५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं, त्यातलं हे जवळजवळ ५ मिली होतं. मी म्हणालो, "एक चमचा, दर सहा तासांनी, ताप असेल तरच." इथवर ठीक.

पुढच्या महिन्यात बाळ आजोळी गेलं, सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी. तिथं पुन्हा ताप आला. जुनी बाटली सांगलीत राहिलेली, म्हणून गावच्या दुकानातून त्याच नावाची नवी आणली. फक्त तिच्यावर नावापुढे २५० होतं. ही मोठ्या मुलांची बाटली, तेवढ्याच ५ मिलीत औषध दुप्पट. आजीनं आठवणीनं एक चमचा दिला. ताप उतरेना म्हणून चार-चार तासांनी दिला, रात्रीसुद्धा. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बाळ उलट्या करतंय, मलूल झालंय, म्हणून ते परत माझ्याकडे आलं.

आजींनी तो चमचा पिशवीतून आणला होता, हे माझं नशीब. सिरिंजनं पाणी भरून मोजलं तर त्यात काठोकाठ ७ मिली मावलं. आता हिशेब बघा. २५० च्या बाटलीतलं ७ मिली म्हणजे ३५० मिलिग्रॅम. हवे होते १२०. दिवसातून पाच वेळा दिलं, म्हणजे १७५० मिलिग्रॅम. या बाळाला चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस, म्हणजे ४८० द्यायला हवे होते. साडेतीन पटींहून जास्त!

"डॉक्टर, तुम्हीच सांगितलं हुतं न्हवं, एक चमचा म्हणून?" आजी म्हणाल्या. खरंच होतं ते.

बाळाला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. यकृताच्या तपासण्या वाढलेल्या आल्या. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा शिरेतून द्यावा लागला. बाळ बरं झालं. पण या औषधाचा फसवेपणा लक्षात घ्या. जास्त डोस झाल्यावर पहिल्या दिवशी मूल जवळजवळ ठणठणीत दिसू शकतं, फार तर एखादी उलटी. यकृताचा त्रास दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

तेव्हापासून मी "चमचा" हा शब्द चिठ्ठीवर लिहीत नाही. मिली लिहितो, आणि कुठल्या बाटलीतले तेही. याच बाळाला २५० च्या बाटलीतून साधारण २.५ मिली पुरले असते. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर बहुधा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे जेमतेम सव्वा मिली. तीच बाटली चमच्यानं दिली तर काय होईल, तुम्हीच करा हिशेब. थेंबांच्या बाटलीतला ड्रॉपरही तिचाच. धुऊन दुसऱ्या बाटलीला वापरू नका.

मोजायला औषधाच्या दुकानातून ५ मिलीची तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज घ्या. ती नसेल तर साधी इंजेक्शनची सिरिंज चालते, पण सुई आणि टोकावरचं छोटं टोपण आधी फेकून द्या. ते टोपण बाळाच्या घशात अडकू शकतं. बाटली हलवा, थोडं औषध स्वच्छ वाटीत ओता आणि ओढून घ्या. बुडबुडा आला तर टोक वर धरून तो बाहेर काढा. आकडा वाचताना काळ्या रबराची टोकाकडची कड बघायची, मागची नाही. बाळाला मांडीवर थोडं उठतं धरा, सिरिंज गालाच्या आत बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. सरळ घशात पिचकारी मारली तर ठसका लागणारच.

सिरिंज नसेल तर बाटलीसोबतचं खुणांचं झाकण घ्या. ते सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत वाचा. हातात धरून, वरून बघून नको. शिवाय सर्दीचं औषध चालू असेल तर त्याचंही लेबल बघा. त्यात अनेकदा पॅरासिटामॉल असतंच, मग डोस दोनदा जातो.

आणि जास्त दिलं गेलंय अशी शंका आली, तर उलटीची वाट बघत बसू नका, घरी उलटी करवूही नका. कितीदा, किती वाजता दिलं ते कागदावर लिहा आणि लगेच जवळच्या रुग्णालयात जा. जाताना बाटली आणि चमचा दोन्ही सोबत घ्या.