चाल सापडली, पण वाजवलं कोणी?

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातल्या हळदीची एक रील माझ्याकडे आली. अर्ध्या मिनिटाची, मागे बेंजो आणि ढोलकी, शब्द नाहीत. खाली नुसतं ‘Original audio’. त्यावरून तो आवाज कुठल्या खात्यावरून चढवला एवढंच कळतं. वाजवलं कोणी, ते कळत नाही. मी व्हिडिओ एडिट करतो. वाजवणाऱ्याचं नाव मिळाल्याशिवाय आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचं वादन दुसऱ्याच्या फिल्ममध्ये घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

शाझामला ऐकवलं, काही आलं नाही. शाझाम गाणं नव्हे, रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजातले ठळक स्वरबिंदू आणि त्यांच्यामधलं अंतर ते आपल्या साठ्याशी ताडून बघतं. मागे गोंगाट असला तरी चालतं, पण वेग बदलला की ते बिंदू सरकतात आणि जुळणी तुटते.

वेग बदललाय हे कानाला कळत होतं. नाचणाऱ्यांची पावलं नेहमीच्या चालीत, पण मधल्या आरोळ्या जाड, ओढलेल्या. ऑडॅसिटीत वेग थोडा थोडा वाढवत नेला. साधारण १८ टक्क्यांवर आरोळ्या माणसांच्या वाटू लागल्या. म्हणजे मूळ आवाजाचा वेग ०.८५ पट केला होता. त्याने स्वरही जवळजवळ तीन अर्धस्वर खाली जातो. वेग सुधारूनही शाझाम गप्पच. आता खात्री पटली की हे अंगणातलं वादन आहे, कुठल्याच साठ्यात नसणारं.

मग चाल गुणगुणून गूगलला ऐकवली. २०२० पासूनची ही सोय स्वरांचा चढउतार जुळवते, गायक-वाद्य कुठलंही असो. उत्तर आलं ‘मी डोलकर’. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे आवाज.

बरेच जण इथे थांबतात आणि या नावांचं श्रेय टाकून मोकळे होतात. पण चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि वादकाचा त्याच्या वादनावर आणखी वेगळा. बेंजोवाला अजून बेनामच होता.

वेग दुरुस्त केल्याचा फायदा इथे झाला. शेवटी माइकवरून कोणी बेंजो पार्टीचं नाव पुकारत होतं; संथ आवाजात ते गुरगुरण्यासारखं लागत होतं, आता अर्धं कळलं. त्याच आवाजावरच्या इतर रील बघत गेलो. एकीत त्याच मांडवातला बॅनर होता, त्यावर पार्टीचं पूर्ण नाव. तरी बॅनर म्हणजे पुरावा नव्हे. एका हळदीत दोन पार्ट्याही असतात. म्हणून त्या पार्टीच्या दुसऱ्या हळदीचं वादन मागवलं. अंतऱ्याच्या शेवटी बेंजोवाला एक स्वर ओढून झटकन खाली येतो. ती जागा दोन्हीकडे तशीच होती, आणि ढोलकी तिथेच अर्धा ठेका सोडत होती. वादकाची सवय त्याच्या सहीइतकी पक्की असते. मगच फोन केला; त्यांनी वादन आपलंच असल्याचं सांगितलं.

आता मी श्रेयाच्या दोन ओळी लिहितो, चालीची एक आणि वादनाची एक. दुसरी ओळ भरता आली नाही, तर तो आवाज वापरत नाही.