इसार आणि आगाऊ

शेतजमिनीचा सौदा जवळून पाहिलेल्या माणसाला इसार आणि आगाऊ रक्कम यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. आगाऊ रक्कम हा किमतीचाच एक हिस्सा असतो, ठरल्या वेळेआधी दिलेला. व्यवहार फिसकटला तर ती परत करून हिशेब मिटवायचा असतो. इसाराचे तसे नाही. इसार दिला की शब्द बांधला जातो, आणि देणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडाला असेच आपण समजतो. गावाकडची माणसे हा भेद जन्मतःच घेऊन येतात असे वाटावे इतका तो त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. आम्ही मात्र तो कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या कागदावर विसरलो, आणि आमची ती विस्मृती फाउंड्रीच्या मालकांना फार महागात पडायची वेळ आली होती.

आम्ही दोघे मिळून व्यापारी कागदपत्रांची भाषांतरे करतो. एकाने इटालियन शिकून घेतली, दुसऱ्याने बँकेच्या निर्यात विभागात उमेदवारी केली. कागद पहिल्याने लिहायचा आणि दुसऱ्याने तपासायचा असा आमचा शिरस्ता आहे. म्हणून येथे सांगितलेली चूक नेमकी कोणाची, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या कागदावरून दोघांचीही नजर फिरलेली होती.

प्रकरण साधेच होते. पंपाच्या बिडाच्या कास्टिंगची ऑर्डर होती: २,४०० नग, नगाला २० युरो, एकूण ४८,००० युरो. खरेदीदार उत्तर इटलीतील ब्रेशा शहराजवळचा एक पंप बनवणारा कारखाना. तीस टक्के, म्हणजे १४,४०० युरो, ऑर्डरबरोबर आणि उरलेले ३३,६०० युरो नंतर, असे फोनवर ठरले होते. मालकांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, इंग्रजीत ऑर्डरची पोच तयार केली आणि तिचा इटालियन पाठ आमच्याकडे मागितला. त्यांच्या इंग्रजी वाक्याचा भाव असा होता की, ऑर्डर पक्की करण्यासाठी तीस टक्के ॲडव्हान्स द्यावा.

‘पक्की करण्यासाठी’ या शब्दांनीच आम्हांला चकवले. इटालियन भाषेत ‘कापार्रा कॉन्फिर्मातोरिया’ अशी एक संज्ञा आहे. शब्दशः पाहिले तर व्यवहार पक्का करणारी रक्कम. इंग्रजी वाक्याला ती इतकी चपखल बसली की आम्ही दुसऱ्या शब्दाचा विचारही केला नाही. दुसरा शब्द होता ‘अक्कोंतो’: किमतीपोटी आधी दिलेला हप्ता, त्यापलीकडे काही नाही.

कापार्रा म्हणजे आपला इसारच, पण दोन्ही बाजूंनी धार असलेला. इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेतील कलम १३८५ तिच्याविषयी आहे. रक्कम देणाऱ्याने करार मोडला तर घेणाऱ्याला करारातून बाहेर पडून ती ठेवून घेता येते. आणि घेणाऱ्याने मोडला, तर देणारा बाहेर पडून दुप्पट रक्कम मागू शकतो. तसे न करता करार पुरा करून मागण्याचा किंवा नेहमीच्या मार्गाने नुकसानभरपाई मागण्याचा पर्यायही त्याला असतो. आपल्याकडे इसारपावतीत दुप्पट परतीची अट हवी असेल तर ती लिहून घ्यावी लागते. तेथे मात्र हा एक शब्द लिहिला की बाकीचे कायदाच लिहितो. आणि त्या कारखान्याच्या ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटींत इटलीचा कायदा आणि ब्रेशाचे न्यायालय स्पष्ट नोंदलेले होते. ऑर्डरचे पाठीमागचे पान कोणी वाचत नाही, आणि बहुतेक वेळा कायदा तेथेच बसलेला असतो.

म्हणजे आमच्या शब्दाचा अर्थ असा झाला असता: किरकोळ उशिराने नव्हे, पण दादांकडून माल देण्यात गंभीर कसूर झाली तर १४,४०० ऐवजी २८,८०० युरो परत करण्याची पाळी. घेतलेल्या रकमेतून कच्चे लोखंड, पॅटर्न आणि कोअर यांचा खर्च आधीच भागवलेला असताना.

चूक पकडली ती समोरच्याच बाजूने. त्या कारखान्याच्या खरेदी विभागातील एका वयस्क बाईंचा दूरध्वनी आला. त्यांना प्रोफॉर्मा इन्व्हॉइस कोणत्या नावाने नोंदवावा हे हवे होते, कारण तेथील लेखापालाकडे कापार्रा आणि अक्कोंतो यांची नोंद एकसारखी होत नाही. बोलता बोलता त्यांनी विचारले, “तुमच्या मालकांना खरोखर हेच म्हणायचे आहे का?” त्या गप्प बसल्या असत्या तर फायदा त्यांच्याच कारखान्याचा होता.

आम्ही शब्द लगेच बदलून टाकला असता. परंतु आमच्यापैकी बँकेत राहिलेल्याने हात धरला. कापार्रा दादांच्या विरुद्ध जाते तशी त्यांच्या बाजूनेही उभी राहते. या कास्टिंगची मापे त्या एका कारखान्याच्या ड्रॉइंगप्रमाणे. खरेदीदाराने मध्येच माघार घेतली तर हा माल दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही, पुन्हा भट्टीतच टाकायचा. तेव्हा इसार हवा की आगाऊ, हे ठरवणे भाषांतरकाराचे काम नव्हते. आम्ही शिरोलीला गेलो आणि सगळे मराठीत मांडले.

दादा म्हणाले, “अहो, इसार घेऊन मी कशाला मान अडकवू? उद्या भट्टी बंद पडली तर? मला आगाऊच पाहिजे. पण पॅटर्न केल्यावर त्यांनी नको म्हटलं, तर माझा झालेला खर्च कोण देणार, तेवढं लिहा.”

आम्ही तेवढेच लिहिले. रकमेला अक्कोंतो म्हटले, आणि खाली स्वतंत्र वाक्य घातले: नमुना मंजूर झाल्यानंतर खरेदीदाराने ऑर्डर रद्द केल्यास, तोवर झालेला पॅटर्नचा आणि ओतलेल्या मालाचा खर्च बिले दाखवून या रकमेतून वळता करता येईल व शिल्लक परत केली जाईल. वाक्य लांबले खरे, पण वाचणाऱ्या दोन्ही देशांतील माणसांना त्याचा एकच अर्थ लागतो. बाईंनी दुसऱ्याच दिवशी ते मान्य असल्याचे कळवले.

आगाऊ रकमेचे मिटले आणि आम्ही बाकीकडे वळलो. बाकीला इटालियनमध्ये ‘साल्दो’ म्हणतात. ऑर्डरमध्ये तिच्यापुढे संक्षेपाने साठ दिवस आणि ‘दाता फात्तुरा फीने मेसे’ असे होते. दादांच्या कारकुनाने यातले साठ आणि बिलाची तारीख एवढेच उचलले होते. शेवटचे दोन शब्द त्याला शोभेचे वाटले असावेत. ‘फीने मेसे’ म्हणजे महिनाअखेर. बिलाच्या तारखेपासून साठ दिवस मोजायचे आणि तो दिवस ज्या महिन्यात पडेल त्या महिन्याच्या अखेरीस पैसे द्यायचे. ३ मार्चचे बिल असेल तर साठ दिवस २ मे रोजी भरतात, पण पैसे ३१ मे रोजी देय होतात. साठाचे एकोणनव्वद झाले. तेच बिल तीन दिवस आधी, २८ फेब्रुवारीला काढले असते तर साठ दिवस एप्रिलमध्येच भरले असते आणि ३० एप्रिलला पैसे देय झाले असते. तीन दिवसांच्या दिरंगाईने एक महिना जातो, हे दादांना दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवले तेव्हा त्यांनी कारकुनाकडे असे काही पाहिले की आम्हांलाच त्याची दया आली.

काही इटालियन ऑर्डरींत आणखी एक ओळ असते: ऑगस्ट आणि डिसेंबर अखेरची देणी पुढच्या महिन्याच्या १० तारखेला. ऑगस्टमध्ये तेथील कारखाने सुट्टीवर जातात, त्याचाच हा माग. भाषांतर करताना ही ओळ सुटली तर पुरवठादार ऑगस्टअखेरीस बँकेत फेऱ्या मारीत राहतो आणि खरेदीदार आपल्या परीने वेळ पाळीत असतो.

इतके थांबणे दादांना झेपणारे नव्हते. बोलणी झाली आणि ठरले की बोटीवर माल चढल्याच्या कागदाची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची प्रत मिळताच सात दिवसांत बाकी द्यावी. मूळ कागद तोवर दादांकडे राहील. तो हाती आल्याशिवाय खरेदीदाराला जेनोआ बंदरात माल सोडवून घेता येत नाही. येथेही एक खड्डा होता. या कागदाला इटालियनमध्ये ‘पोलित्सा दि कारिको’ म्हणतात. पोलित्सा म्हणजे विम्याची पॉलिसीही. फाउंड्रीतील कोणीतरी या ओळीचा अर्थ ‘मालाचा विमा’ असा लावून ठेवला होता आणि विम्याचा कागद पाठवण्याची तयारीही केली होती. तो पाठवून दादा पैशांची वाट पाहत बसले असते, आणि तिकडे बाई योग्य कागदाची.

आकड्यांचेही एक सांगून टाकतो. इटलीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम घालतात, म्हणून त्यांच्या ऑर्डरीत रक्कम ४८.०००,०० अशी दिसते. आम्ही रक्कम नेहमी अक्षरीही लिहितो. चेक लिहिताना आपण लिहितो तशी.

कागद शेवटी दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापला गेला आणि दोन्हीकडून सही झाली. दहा-बारा दिवसांनी दादांचा फोन आला. पैसे जमा झाले होते, पण १४,४०० युरोंना अठ्ठावीस युरो कमी. मधल्या बँकांनी आपापले शुल्क कापून घेतले होते. “हे कोणाच्या खात्यावर टाकू?” दादांनी विचारले. कागदात त्याविषयी काहीच लिहिलेले नव्हते, मराठीत नाही, इंग्रजीत नाही, इटालियनमध्येही नाही. पुढच्या ऑर्डरीत बँकेचे सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, अशी एक ओळ आम्ही घातली. त्या अठ्ठावीस युरोंची भरपाई आम्ही आमच्या बिलातून करून देऊ, असे म्हटले तेव्हा दादांनी फोनवरच विषय बदलला.