पातळी ठरवून मागितलेला मजकूर

नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलांसाठी पुस्तिका काढणाऱ्या संपादकाला लेखकाकडे जे कलमवार मागणीपत्र धाडावे लागते, त्याइतके अरसिक पत्र मराठी वाङ्मयव्यवहारात दुसरे क्वचितच असेल; कारण विषयाची वास्तपुस्त त्यात एका ओळीत आटोपलेली असते आणि वाक्यात शब्द किती असावेत, नवा शब्द पानावर किती वेळा यावा, जोडाक्षरे कोणती चालतील, याच तपशिलाने उरलेला कागद भरलेला असतो. एका वयोवृद्ध कथालेखकांनी असे पत्र वाचून मला विचारले होते, "अहो, तुम्हांला गोष्ट हवी आहे की पाढे?" प्रश्न रास्त होता. तरीही पत्रातून आकडे वगळून केवळ 'सोपे लिहा' एवढीच विनंती केली, तर प्रत्येक लेखक आपापल्या बालपणाच्या अदमासाने सोपे लिहितो आणि एकाच मालेतील दोन पुस्तिकांत दोन इयत्तांचे अंतर पडते, हेही तितकेच खरे आहे.

आकडा कशाचा मागावा, हा खरा प्रश्न. तिसरीतल्या वाचकासाठी मागितलेल्या एका मजकुरात पुढील वाक्य आले होते: 'विहिरीतले पाणी आटल्यामुळे गावातल्या बायकांना ओढ्यापलीकडच्या झऱ्यावर जावे लागत होते.' शब्द मोजले तर दहाच भरतात आणि आमच्या पत्रातील मर्यादाही दहाचीच होती. म्हणजे हिशेबात वाक्य निर्दोष. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे 'ओढ्यापलीकडच्या' या एका शब्दात तीन शब्दांचा ऐवज भरलेला असतो. ज्या मुलाला 'ओढा' ठाऊक आहे आणि 'पलीकडे'ही ठाऊक आहे, ते मूल या सात अक्षरांच्या जोडणीपाशी अडखळते, आणि शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरते.

मजकूर परत गेला, तेव्हा लेखकाने मर्यादेचे शब्दशः पालन करून पाठवले: 'विहीर आटली. बायका झऱ्यावर गेल्या. झरा ओढ्यापलीकडे होता.' आठ शब्द, तीन वाक्ये. सरासरी तिनाच्याही आत. ही वाक्ये एका मुलीने न अडखळता वाचली, आणि बायका झऱ्यावर का गेल्या असे विचारताच तत्काळ उत्तर दिले, "कपडे धुवायला." दोष तिचा नव्हता. वाक्य तोडताना कार्यकारणाचा सांधाच गळून पडला होता आणि रोजची पायपीट एका दिवसाची फेरी होऊन बसली होती. लहान वाक्यांतील रिकाम्या जागा वाचकाला स्वतः भराव्या लागतात, आणि नवा वाचक त्या स्वतःच्या घरातील अनुभवाने भरतो.

अखेर जे छापले गेले ते असे: 'विहिरीचे पाणी आटले. म्हणून गावातल्या बायका रोज झऱ्यावर जायच्या. हा झरा ओढ्याच्या पलीकडे होता.' शब्द वाढून चौदा झाले. पण 'म्हणून' परत आले, 'ओढ्याच्या पलीकडे' सुटे झाले, आणि 'हा' या दर्शकाने तिसरे वाक्य दुसऱ्याला बांधले गेले. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी लेखकाला ग्रांथिक रीतिभूतकाळ, म्हणजे नुसते 'जात', हवा होता. परंतु ते रूप मुलाच्या बोलण्यात नसते, आणि लिहिलेले दिसले की ते भलत्याच 'जाती'शी गल्लत करते, म्हणून 'जायच्या'.

याच तीन वाक्यांना रुडॉल्फ फ्लेश यांचे 1948 सालचे इंग्रजीसाठी बनवलेले सूत्र लावून पाहावे, म्हणजे परक्या मापाची किंमत कळते. वाक्यामागे शब्द किती आणि शब्दामागे उच्चारावयव किती, या दोन सरासऱ्यांवर ते सूत्र उभे असून 90 च्या वरचा मजकूर अतिसुलभ आणि 30 च्या खालचा अतिकठीण समजला जातो. आमच्या चौदा शब्दांत अक्षरे चाळीस. ती हिशेबात धरली तर गुण येतात सुमारे उणे 40, आणि उच्चारात लोपणारे अकार वगळून उदारपणे मोजले तरी आकडा शून्याच्या जेमतेम वर सरकतो. तिसरीच्या मुलीने समजून घेतलेला मजकूर या मापाने कायदेपंडितांच्याही आवाक्याबाहेरचा ठरतो! मोजणी यंत्रावर सोपवली तर आणखी एक खोच निघते: पायथनमध्ये `len("क्षत्रिय")` विचारल्यास उत्तर 8 येते, कारण ते यंत्र स्वरचिन्ह आणि हलन्तचिन्हही स्वतंत्र मोजते; डोळ्यांना दिसणारी अक्षरे मात्र तीनच.

म्हणून माझ्या मागणीपत्रात शब्दसंख्या आता दुय्यम कलमात गेली असून पहिल्या कलमात क्रिया मोजल्या जातात. एका वाक्यात धातूपासून झालेली रूपे किती, मग ते मुख्य क्रियापद असो, 'उचलून' असो, 'पडलेल्या' असो वा 'आटल्यामुळे' असो. 'जावे लागत होते' यासारखे संयुक्त रूप एकच धरायचे. आरंभीच्या टप्प्यात एक, त्यानंतर दोन. 'झाडावरून पडलेल्या पिल्लाला उचलून आणणारी मुलगी हसली' या वाक्यात शब्द सातच आहेत, पण पडणे, उचलणे, आणणे आणि हसणे या चार घटना असून त्यांतील उचलणे आणि आणणे यांचा कर्ता जवळजवळ शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत नवा वाचक दमतो तो मुख्यतः अशा कृदंतांच्या रांगेत. (प्रस्तुत लेख या कलमाखाली तपासला तर पहिल्याच वाक्याला नापास होईल, याची मला जाणीव आहे.)

शब्दांच्या काठिण्याची रुजुवात अधिक किचकट. खालच्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतून शब्दसूची करावी, हे ओघानेच येते. परंतु मजकुरातील शब्द तिच्याशी ताडण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप उलगडून मूळ रूप काढावे लागते, नाहीतर 'पाणी' सूचीत असूनही 'पाण्यात' अनोळखी ठरतो. मग दोन रकाने करावे लागतात, कारण उच्चारायला अवघड आणि समजायला अवघड हे दोन निराळे गुन्हे आहेत. 'विद्यार्थी' शब्दात जोडाक्षर आणि रफार दोन्ही आहेत, तरी शाळेतल्या कोणत्याही मुलाला तो परका नाही. उलट 'मोट' आणि 'इरले' यांत एकही जोडाक्षर नाही, तरी शहरातले मूल ते खडखडीत वाचून काहीच न समजता पुढे जाते. 'झऱ्यावर' पहिल्या रकान्यात मोडतो. त्यातील 'ऱ्य' टाळण्यासाठी झऱ्याचे डबके करावे असे एकाने सुचवले होते. मी तो शब्द राखला, आणि पुढच्या दोन पानांवर तो पुन्हा येईल अशी व्यवस्था करवली.

पातळी म्हणजे इयत्ता, ही समजूतही पत्रातून काढून टाकावी लागली. 'असर' सर्वेक्षणाच्या वाचनचाचणीत अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे टप्पे ठेवलेले असतात, आणि तिसरीच्या एकाच बाकावर यांतील निरनिराळ्या टप्प्यांची मुले शेजारी बसलेली असू शकतात. त्यामुळे मी आता 'तिसरीसाठी' असे न लिहिता 'परिच्छेद वाचता येतो, गोष्ट अजून येत नाही, अशा वाचकासाठी' असे लिहितो, आणि मजकूर हाती आल्यावर तशाच तीनचार मुलांकडून मोठ्याने वाचवून घेतो. समासात अडखळण्याच्या जागी रेघ ओढायची. एकाच जागी दोघे अडले तर शब्द बदलायचा, सगळे सरळ गेले तर 'का' ने सुरू होणारा एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर पानाबाहेरून आले तर 'म्हणून', 'पण', 'तेव्हा' यांपैकी कोणता सांधा गळला आहे ते शोधून मजकूर शेऱ्यासह लेखकाकडे परत करायचा.