पुढची गाडी कुठली?

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी म्हणायचं गाणं बहुतेक वेळा वाईटच असतं. पहिल्या कडव्यात सोनेरी दिवस, दुसऱ्यात गुरुजनांचे ऋण, तिसऱ्यात पाखरं घरट्यातून उडतात आणि पंखांत बळ येतं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, पण ते गाण्यामुळे नाही, दिवसामुळे. तेच गाणं पुढच्या वर्षी दुसऱ्या बॅचनं म्हटलं तरी चालतं, आणि माझ्या मते तिथंच ते फसलेलं असतं.

आमच्या रामनगरची मुलं डिग्रीसाठी बाहेर जातात. तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड. पण लोंढ्याला पोचलं की खानापूर तालुका आणि बेळगाव जिल्हा लागतो. म्हणून कुणी गाडीनं खानापूर-बेळगाव गाठतं, कुणी दांडेलीला, कुणी घाट उतरून गोव्यात जातं. यातल्याच एका कॉलेजात निकालानंतर ग्रॅज्युएशन डे ठरला. काळे झगे, चौकोनी टोप्या, स्टेजवर फोटो. गाणं बसवायचं काम आमच्याकडच्या चार-पाच जणांच्या गळ्यात पडलं आणि ती मुलं माझ्याकडे आली, कारण मी भजनात पेटी वाजवतो. "काका, कराओके ट्रॅक आहे. फक्त शब्द बदलून द्या," एकानं मोबाइल पुढं केला. गाणं सिनेमाचं होतं.

शब्दांआधी चालीचं बघावं लागतं. सिनेमातलं गाणं एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं असतं. अंतरा वरच्या षड्जाच्याही पलीकडे जातो. शंभर पोरं तिथं पोचत नाहीत, मग निम्मी ओरडतात आणि निम्मी गप्प होतात. दुसरी अडचण पट्टीची. पुरुषांचा गळा साधारण काळी एकच्या आसपास रमतो, बायकांचा काळी चार-पाचला. कराओके एकाच पट्टीत बांधलेला, त्यामुळे कुणाची तरी गळचेपी ठरलेली. मिश्र समूहाला पाच-सहा सुरांत फिरणारी चाल लागते. तशी असली की मुलगे खालच्या सप्तकात आणि मुली वरच्या, असं एकाच वेळी म्हणता येतं. भजनी मंडळानं हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलाय. आठ मात्रांचा भजनी ठेका, एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. गाणं न येणारासुद्धा दुसऱ्या फेरीला आत येतो.

अभंगाचं मापही सोपं आहे. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. मुलं बोटांवर अक्षरं मोजू लागली आणि तासाभरात ध्रुपद आलं. ते कुणा एकाचं नव्हतं. लोंढा स्टेशनवर रोज विचारला जाणारा प्रश्नच तो.

डिग्री झाली, डिग्री झाली ।
पुढची गाडी कुठली? ॥

या ध्रुपदानं निम्मं काम केलं. ते प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, शब्द तेच राहतात, पण आधीचं कडवं बदललं की त्याचा अर्थ बदलतो. आधी टवाळी, मग आभार, मग धास्ती असे तीन वेगळे खण करायची गरजच उरली नाही.

विनोदाचं कडवं आपोआप आलं.

गाडी उशिरा लोंढ्याला ।
पैला तास क्यांटीनला ॥
एकटाच वर्गा जाई ।
दहांची हजेरी देई ॥

यानंतर मात्र वही भराभर भरू लागली आणि मला थांबवावं लागलं. कॉलेजांत गॅदरिंगला फिशपाँड टाकायची रीत आहे. चिठ्ठीवर निनावी ओळ, निवेदक वाचतो, ज्याच्यावर आहे तो लाल होतो. मुलांनी त्याच सवयीनं एका मुलीच्या वजनावर आणि एका मास्तरांच्या इंग्रजीवर ओळी रचल्या होत्या. फिशपाँडात ते खपतं, कारण टाकणारा लपलेला असतो. गाण्यात सगळे उघड्यावर उभे असतात. मी एकच कसोटी सांगितली. ज्याच्यावर विनोद आहे, त्यालाच ती ओळ म्हणायला द्या. तो हसत म्हणाला तर ठेवा. दोन्ही ओळी तिथंच गळाल्या. दहांची हजेरी देणारा मात्र स्वतःहून पुढं आला. तीन वर्षांत त्याला कधी स्टेजवर बोलावलं नव्हतं, म्हणाला.

जुन्या युरोपातल्या विद्यार्थ्यांचं एक लॅटिन गाणं आहे, 'गाउदेआमुस इगितुर'. आज म्हणतात ते शब्द किंडलेबेन नावाच्या जर्मन माणसानं 1781 मध्ये छापले आणि पदवीदानाला ते अजूनही कितीतरी विद्यापीठांत म्हटलं जातं. गाणं मूळ दारूच्या बैठकीतलं. तारुण्य आहे तोवर मजा करा म्हणतं, आणि त्याच दमात शेवटी सगळे मातीतच जाणार हेही सांगून टाकतं. मग कुठं विद्यापीठ आणि प्राध्यापकांचा जयजयकार. म्हणजे भीती शेवटी राखून ठेवलेली नाही. ती हसण्याला लागून पहिल्याच कडव्यात आहे, आणि आभार तिच्यानंतर येतात. संगीतकार ब्राम्सला 1879 मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. आभाराच्या चिठ्ठीवर भागेल असं त्याला वाटलं, पण विद्यापीठाला संगीतरचना हवी होती. त्यानं विद्यार्थ्यांचीच गाणी एकत्र गुंफली आणि शेवटी झांजा-नगाऱ्यांसकट हे गाणं वाजवलं. पगड्या घातलेल्या विद्वानांसमोर पोरांची पिण्याची गाणी, 1881 च्या जानेवारीत. आभार मानायची ही तऱ्हा मला फार आवडते.

आमच्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी क्रम बदलला आणि भीती मधे आणली. तिच्यासाठी मापही बदललं. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण असतात आणि चौथा चारच अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. चौथ्या चरणाला कान सहाची वाट बघत असतो आणि ओळ आधीच संपते. उरलेली जागा टाळ भरून काढतात. न ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलायला याहून सोयीचं माप मला ठाऊक नाही.

हातात कागद । पुढे मोठा घाट ।
धुक्यामधे वाट । कोणा पुसू? ॥

घाट अनमोडचा. पावसात त्या रस्त्यानं गेलेल्याला धुकं समजावून सांगायला नको. कागदाचीही एक गंमत आहे. ग्रॅज्युएशन डेला स्टेजवर मिळते ती नुसती रिबीन बांधलेली गुंडाळी असते, विद्यापीठाचं प्रमाणपत्र मागाहून येतं. त्यामुळे 'हातात कागद' म्हणताना मागची रांग हसायची. मी हसू दिलं. भीतीच्या कडव्यात हसू फुटलं तर कडवं बिघडत नाही, उलट म्हणणाऱ्याला पुढची ओळ म्हणायचं धैर्य येतं.

दुसरं कडवं एका मुलीनं लिहून आणलं. तालमीत फारसं न बोलणारी.

बाबा म्हणे शेत । आई म्हणे लग्न ।
मला काही प्रश्न । विचारा ना ॥

यात मी एका अक्षराचाही फेरफार केला नाही. कडवं संपल्यावर 'पुढची गाडी कुठली?' म्हटलं गेलं, तेव्हा तो स्टेशनवरचा प्रश्न राहिला नव्हता.

आणखी एका ओळीवरून वाद झाला. रामनगर हे काळी नदीवरच्या सुपा धरणानं उठवलेल्यांचं गाव. धरण एकशे एक मीटर उंच. 1987 मध्ये ते पुरं झालं, आणि जुनं सुपे पाण्याखाली गेलं. तालुक्याला अजून कितीतरी लोक सुपाच म्हणतात. इथल्या म्हाताऱ्यांनी पुढं काय आहे हे ठाऊक नसताना घर सोडलंय, आणि त्यांना कुणी निरोप समारंभ केला नव्हता. एका मुलानं लिहिलं:

आज्याचे सुपे बुडाले ।
नातीचे गाठोडे झाले ॥

"फार जड होतंय, काका," दुसरा म्हणाला. "कॉलेजात बाकीच्यांना कळणार नाही." त्याचं खरं होतं. पण बॅचचं गाणं बॅचमधल्या प्रत्येकाला अक्षरन् अक्षर कळलंच पाहिजे असं थोडंच आहे? ज्या चौघा-पाचांना कळेल, त्यांचं गावही त्या गाण्यात असावं. ओळ ठेवली. तिच्यावर दुसरं कडवं चढवायचं नाही एवढंच ठरलं, नाहीतर तिचं भाषण झालं असतं.

राहिले आभार. सगळ्यांत अवघड कडवं हेच. 'गुरू देवासमान' म्हटलं की कुणाचेच आभार मानले जात नाहीत. मी म्हटलं, एका माणसानं केलेली एक गोष्ट सांगा. बराच वेळ गप्प बसल्यावर एकानं सांगितलं. परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख होती, घरातून पैसे आले नव्हते, आणि ऑफिसात गेला तर पावती तयार होती. कुणी भरले ते क्लार्कनं सांगितलं नाही. त्याला अंदाज आहे, पण त्या माणसाला ते चारचौघांत आवडणार नाही. मग नाव न घेताच झालं.

फी भरायची राहिली ।
पावती कुणी फाडली? ॥

'कुणी' म्हणताना स्टेजवरून प्राध्यापकांच्या रांगेकडे बघायचं नाही, अशी मी सक्त ताकीद दिली. समारंभात सगळ्यांनी बघितलंच. रांगेतल्या चार-पाच जणांनी एकदम मान खाली घातली. म्हणजे फी एकाच मुलाची भरली गेली नव्हती.

बॅचमधल्या एकाचा एक विषय राहिला होता. त्याला झगा नव्हता. तो शर्टावर, टाळ घेऊन कोरसमध्ये उभा राहिला आणि 'डिग्री झाली' सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. हशा त्यानं मागून घेतलेला होता, म्हणून तो मला चालला.

आता पुढच्या बॅचची मुलं हेच गाणं मागतायत. शब्द देऊ नयेत असं माझं मत आहे. दहांची हजेरी आता दुसरं कुणी देत असेल, फी दुसऱ्या कुणाची राहिली असेल, आणि धास्ती तर प्रत्येकाची आपापली. चाल खुशाल घ्या, ती कुणाच्या मालकीची नाही. पेटी माझ्याकडे आहे, संध्याकाळी या. अक्षरं मात्र तुमची तुम्ही मोजा.