आधी हिशेब, मग भाजणी

नेट-सेटच्या मॅनेजमेंटच्या पेपरात एक प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा येतो. टेस्ट मार्केटिंग, बिझनेस अॅनालिसिस, आयडिया स्क्रीनिंग, प्रॉडक्ट डेव्हलपमेंट अशी नावं उलटसुलट टाकलेली असतात आणि खाली चार क्रम. बरोबर तो निवडा. मुलं आद्याक्षरांचा मंत्र करून पाठ करतात आणि ऐन वेळी मधल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करून येतात. मला तो मंत्र कधी लागला नाही, कारण आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पेपर वाचायला येणारे एक गृहस्थ.

मसाले आणि पिठं विकणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उमेदवारीपासून एरिया मॅनेजरपर्यंतची नोकरी केली होती. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. एकदा माझ्या वहीत डोकावून ते म्हणाले, ‘‘अगं, हे पाठ काय करतेस? कंपनीचा पैसा कुठे अडकतो ते बघ, क्रम आपोआप लागेल.’’ मग फळ्यावर थालीपिठाची भाजणी आली. तयार भाजणीची पुडी बाजारात आणायची, हे आमचं उदाहरण. ते महिनाभर पुरलं.

कल्पना सुचायला खर्च नाही. छाननीलाही फारसा नाही: चार माणसं बसून ‘हे आपल्या गिरणीत होईल का, आपले दुकानदार ठेवतील का’ एवढं विचारतात आणि दहातल्या आठ कल्पना तिथेच निकालात निघतात. इथे दोन चुका होतात, हे मात्र ते बजावून सांगत. टाकाऊ कल्पना पुढे ढकलणं ही एक आणि चांगली कल्पना फेकून देणं ही दुसरी. पहिलीचा खर्च हिशेबाच्या वहीत दिसतो, दुसरीचा कुठेच दिसत नाही. म्हणून लोक दुसरीला घाबरत नाहीत.

पुढची पायरी संकल्पनेची चाचणी. इथे हातात पुडी नसते, फक्त एक कागद असतो: ‘२०० ग्रॅम भाजणी, कांदा आणि पाणी घाला, थापा, किंमत ६० रुपये.’ घराघरांतून विचारलं की गृहिणी सांगणार, सासूबाईंची भाजणी डब्यात असताना विकत कशाला आणू? पण नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी मुलं कागद परत देत नाहीत, कुठे मिळेल ते विचारतात. एक ग्रॅम पीठ दळायच्या आधीच गिऱ्हाईक बदललं. पेपरात गोंधळ होतो तो इथेच. संकल्पनेची चाचणी म्हणजे कागद दाखवणं. टेस्ट मार्केटिंग म्हणजे खरी पुडी खऱ्या दुकानात खऱ्या किमतीला ठेवणं. दोन्हींत चाचणी आहे, पण मध्ये तीन पायऱ्या आणि बराच खर्च आहे.

त्या तीनांतल्या पहिल्या दोन म्हणजे मार्केटिंगचं धोरण आणि व्यवसायाचं विश्लेषण. धोरण आधी का, हे मला पटत नव्हतं. सरांनी उत्तर दिलं नाही, आकडे मांडले. एमआरपी ६० रुपये. दुकानदाराचं आणि वितरकाचं कमिशन वजा जाता कंपनीला ४५. धान्य, दळण, पाकीट, वाहतूक ३३. पुडीमागे उरले १२. यंत्र, छपाईचे साचे आणि जाहिरात मिळून वर्षाला ९ लाख. म्हणजे खर्च निघायला ७५,००० पुड्या, महिन्याला सव्वासहा हजार. आपला माल ५०० दुकानांत जातो असं धरलं तर दर दुकानात महिन्याला बारा-तेरा. ‘‘आता सांग, तुझ्या कोपऱ्यावरचा वाणी बारा पुड्या खपवेल का?’’ हा प्रश्न मला समजणारा होता. आणि ६० रुपये कुठून आले, ५०० दुकानंच का, जाहिरात किती, हे सगळं धोरणातून आलेलं होतं. धोरण नाही तर गुणाकार कशाचा करणार?

हा हिशेब चुलीवर कढई चढवायच्या आधी व्हायला हवा. बारा पुड्या खपणार नसतील तर भाजणीची कृती बसवण्यात, नमुने करण्यात आणि यंत्र मागवण्यात पैसा घालायचा कशाला? म्हणून बिझनेस अॅनालिसिस आधी आणि प्रॉडक्ट डेव्हलपमेंट नंतर. मुलं हीच जोडी उलटी लावतात, कारण वस्तू तयार झाल्यावर तिचा हिशेब करायचा, असं मनाला सरळ वाटतं.

उत्पादनाच्या पायरीवर सर रमायचे. पहिल्या नमुन्याचं थालीपीठ कडेला फाटतं, म्हणून गव्हाचं प्रमाण वाढवा. बाजरी जास्त झाली की पीठ लवकर कडवटतं, म्हणजे पुडीवर किती महिन्यांची मुदत छापायची ते ठरवणंही इथलंच काम.

मग एखाद्या शहरात टेस्ट मार्केटिंग. सेल्समनच्या अनुभवाचं खरं सोनं सरांकडे होतं ते इथे. महिन्याच्या शेवटी ऑफिसात आकडा येतो, ‘चार हजार पुड्या गेल्या’, आणि सगळे खूश होतात. त्या गेल्या दुकानात, घरात नव्हे. पहिल्या महिन्यात दुकानं फक्त भरून निघतात. खरं काय ते कळायला दुकानात जाऊन फळीवरची पुडी उलटी करून तारीख वाचायची. दोन महिन्यांपूर्वीची तारीख दिसली तर माल हललेला नाही. आणि हललेला असेल तर पुढचा प्रश्न: तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं का? जाहिरात बघून हजार घरांनी एकेक पुडी नेली आणि दुसऱ्यांदा शंभरच आली, तर विक्रीचा आलेख आधी चढतो आणि मग कोसळतो. सबंध महाराष्ट्रात माल उतरवून बसलेल्या कंपनीला तो कोसळताना बघावा लागतो. एका शहरात खर्च आटोक्यात राहतो. याची किंमतही आहे, प्रतिस्पर्धी तुमची पुडी विकत घेऊन घरी नेतो. त्यामुळे काही कंपन्या ही पायरी गाळून थेट व्यापारीकरणाला जातात. प्रश्नपत्रिकेत मात्र ती गाळता येत नाही.

एकदा मी त्यांना अडवलं. थ्री एमच्या पोस्ट-इटचं काय? तिथे स्पेन्सर सिल्व्हर यांचा चिकटून अलगद सुटणारा गोंद १९६८चा आणि आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला १९७४ मध्ये, चर्चच्या गायनवहीतल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडत म्हणून. वस्तू आधी, कल्पना नंतर. सर हसले. म्हणाले, गोंद ही वस्तू नव्हे, ते प्रयोगशाळेतलं सामान. विकायची वस्तू सुचली तेव्हा पहिली पायरी सुरू झाली. आणि मग स्वतःच पुढचं सांगितलं: १९७७ मध्ये चार शहरांत ‘प्रेस अँड पील’ या नावाने ठेवलेल्या चिठ्ठ्या खपल्या नाहीत, कारण न वापरता त्यांचा उपयोग कुणाला कळेना. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट वाटल्या, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पुन्हा घेऊ म्हणाले. १९८० मध्ये माल अमेरिकाभर गेला. चाचणीत माल पडला तर माल वाईट की चाचणी, हे आधी बघायचं, असं ते म्हणत.

त्यांनी फी घेतली नाही. एकदा घरची भाजणी नेली, तर चिमूटभर तोंडात टाकून धणे कमी आहेत एवढंच म्हणाले.

आता प्रश्नपत्रिका मी काढते. क्रमाच्या प्रश्नात सरांच्या हट्टापायी ‘कोटलर यांच्या मते’ हे शब्द घालतेच, कारण बूझ, अॅलन अँड हॅमिल्टनच्या १९८२च्या सात पायऱ्यांत धोरण अगदी आरंभी, कल्पना सुचण्याच्याही आधी येतं आणि कोटलरच्या आठांत ते संकल्पनेच्या चाचणीनंतर येतं. नाव न लिहिता धोरणाची पायरी क्रमात टाकली की दोन उत्तरं बरोबर ठरतात आणि निकालानंतर मुलं अर्ज घेऊन दारात उभी राहतात.