फॉरमॅट मारण्याआधी

माझ्या जागी जे कोणी येतील त्यांच्यासाठी ही नोंद लिहितो आहे. तिच्यात मशीनचं मॉडेल नाही, टेबलाचं नाव आहे. संगणक वारंवार बंद पडण्याची बरीच कारणं संगणकाच्या डब्याबाहेर असतात आणि मशीन बदललं तरी ती टेबलाशीच राहतात. या कार्यालयात, आणि मला वाटतं बहुतेक कार्यालयांत, बंद पडणाऱ्या संगणकावर ठरलेला उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारा’. माझं म्हणणं असं की तो शेवटचा उपाय असावा. फॉरमॅट करायला लागणारा वेळ हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा हा की विंडोजने बंद पडताना जो पुरावा लिहून ठेवलेला असतो तो फॉरमॅटने पुसला जातो आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा कोऱ्या पाटीवर उभे राहतो.

हा पुरावा दोन ठिकाणी मिळतो. पहिलं ठिकाण Event Viewer. त्यातल्या System नोंदींमध्ये Kernel-Power ची 41 क्रमांकाची नोंद शोधा आणि Details मध्ये BugcheckCode पाहा. ही नोंद संगणक बंद पडताना होत नाही, पुन्हा सुरू झाल्यावर होते. ‘मागच्या वेळी रीतसर बंद झालो नव्हतो’ एवढंच ती सांगते. दुसरं ठिकाण म्हणजे C:\Windows\Minidump हा फोल्डर. निळी स्क्रीन येऊन गेली असेल तर तिची फाइल सहसा इथे सापडते. BugcheckCode शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत आहे हे ध्यानात ठेवा. तिथला 159 म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा 0x9F. आकडा शून्य असेल आणि फोल्डरही रिकामा असेल, तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही असं समजा. अशा वेळी टेबलावरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: पडदा क्षणात काळा झाला, की चित्र गोठलं आणि तुम्ही बटण दाबून धरलंत? पहिल्या उत्तरात वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. दुसऱ्या उत्तरात डिस्क, रॅम किंवा तापमान तपासावं. शून्य म्हणजे वीजच, असा सरळ निष्कर्ष काढू नका. डिस्कच मध्येच गायब झाली तर विंडोज नोंद लिहिणार कुठे?

अकाउंट्सच्या टेबलावरचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण तिथे फॉरमॅटचा काडीचाही संबंध नाही. तक्रार अशी असते की व्हाउचरची प्रिंट दिली की संगणक जातो, तोही पहिल्याच प्रिंटला. लगेच दिलेली दुसरी प्रिंट व्यवस्थित निघते. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला. नोंद पाहिली तर 41 आहे, BugcheckCode शून्य आहे, डंप नाही. ड्रायव्हरमुळे निळी स्क्रीन आली असती तर आकडा शून्य राहिला नसता. खरी साखळी वेगळीच आहे. लेझर प्रिंटर झोपेतून उठताना टोनर कागदावर पक्का करणारा भाग तापवतो. त्या काही सेकंदांत तो शेकडो वॅट ओढतो, आणि थंड प्रिंटर पहिल्या प्रिंटला जास्त वेळ ओढतो. प्रिंटर आणि यूपीएस एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर तेवढ्यात दाब खाली येतो, यूपीएसला वाटतं लाइट गेली आणि तो बॅटरीवर जातो. बॅटरी जुनी असेल तर ती भार पेलत नाही आणि पडदा काळा होतो. प्रिंटर थेट यूपीएसलाच लावला असेल तर हाल याहून वाईट, कारण टेबलाखालच्या 600 व्हीएच्या यूपीएसची ती ताकदच नाही. BIOS मध्ये वीज परत आल्यावर सुरू होण्याची सोय चालू असल्यामुळे संगणक आपला आपण उठतो आणि ‘रिस्टार्ट झाला’ अशी तक्रार येते. उपाय दोन आहेत: प्रिंटरला भिंतीवरचा स्वतंत्र सॉकेट द्या आणि बॅटरी तपासा. तपासताना संगणक काढून ठेवा, यूपीएसला जुना तारेचा 100 वॅटचा बल्ब लावा आणि भिंतीतला प्लग काढा. बल्ब मिनिटभरात विझला तर बॅटरी संपली आहे. एलईडी बल्ब लावून उपयोग नाही, तो इतका कमी भार घेतो की मेलेली बॅटरीही पास होते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की फॉरमॅटने मशीन सुधारलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहिलं असेल, ते मी नाकारत नाही. पण फॉरमॅट करताना आणखी काय काय झालं तेही पाहा. मशीन टेबलावरून उचललं, दुसऱ्या सॉकेटला लावलं, डबा उघडला, धूळ उडवली, रॅम काढून खोडरबरने पुसून परत बसवली. गुण यातल्या कशाने आला हे कसं ठरवणार? डिझाइनच्या टेबलावर हा प्रश्न टाळता येत नाही. तिथे कधी 0x1A, कधी 0x50, कधी 0x3B असे वेगवेगळे कोड येतात. एकच कोड वारंवार आला तर सहसा ड्रायव्हरकडे बोट जातं. दर वेळी नवा कोड येणं हे मात्र रॅमचं लक्षण मानावं. फॉरमॅटनंतर काही दिवस शांततेत जातात, कारण नव्या विंडोजवर मोजकेच प्रोग्रॅम असतात आणि रॅमचा सदोष भाग वापरात येत नाही. मोठ्या फाइली उघडायला लागल्या की दुखणं परत येतं. इथे MemTest86 रात्रभर चालवा, एका वेळी एकच पट्टी लावून. चूक पट्टीबरोबर दुसऱ्या खाचेत गेली तर पट्टी बदला. पट्टी बदलूनही चूक त्याच खाचेत राहिली तर दोष मदरबोर्डचा. खोडरबरचा उपाय खोटा नाही, संपर्काच्या पट्ट्या गंजल्या असतील तर तो लागू पडतो. पण पावसाळ्यानंतर तो पुन्हा करावा लागतो. विंडोजची स्वतःची mdsched.exe चाचणी स्वच्छ आली म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नका.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. माणूस खोळंबलेला असताना नोंदी कुठे वाचत बसायच्या? त्यासाठी कपाटातलं जादा मशीन आहे. ते टेबलावर लावा आणि बिघडलेलं आपल्याकडे आणा. त्यात आणखी एक फायदा होतो: जादा मशीनही त्या टेबलावर बंद पडू लागलं, तर आणलेल्या मशीनला हात लावायची गरजच नाही.

फॉरमॅट खरोखर योग्य ठरतो तो व्हायरसने किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटने विंडोजच बिघडलेलं असताना. केबिनमधल्या लॅपटॉपवर येणारा 0x9F मात्र तसा नाही. तो झोपवून उठवताना वाय-फाय कार्डाच्या ड्रायव्हरमुळे येतो. निर्मात्याचा ड्रायव्हर टाका आणि Device Manager मध्ये त्या कार्डाच्या Power Management मधली वीज वाचवण्याची खूण काढा. फॉरमॅट केलात तर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवेल.

स्टोअरमधल्या मशीनवर 0x7A येतो, म्हणजे डिस्कवरून वाचताना अडचण. SMART मध्ये C5 वाढत असेल तर आधी बॅकअप घ्या आणि डिस्क बदला. फक्त C7 वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, दोष साटा केबलचा. C7 चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का हे पाहायचं. तिथली केबल बदललेली आहे आणि त्या दिवशीचा आकडा डब्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवला आहे. तो पुढे सरकलेला दिसला तर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा. आणि कोणत्याही टेबलावर शेवटी फॉरमॅट करायचंच ठरलं, तर आधी Minidump फोल्डर आणि System च्या नोंदी सर्व्हरवर त्या टेबलाच्या नावाने उतरवून ठेवा.